विळीला शस्त्र ठरवणाऱ्यांना तिसरे अपील

गणपतीला अकरा दिवस उरले असताना माझ्या घडीच्या विळीची लिस्टिंग ऑनलाइन बाजारपेठेने काढून टाकली आणि कारण दिले, "शस्त्रविषयक धोरणाचे उल्लंघन". घरोघरी मोदकांच्या सारणासाठी नारळ खवले जातात, त्या आठवड्यात खवणी असलेल्या विळीला वर्षभरातली सर्वांत जास्त मागणी असते. माझ्या ४६ विळ्या त्यांच्याच गोदामात पडून आहेत, त्या विकता येत नाहीत आणि त्यांचे साठवणुकीचे भाडे मात्र माझ्याच खात्यातून कापले जात आहे. याचा मला संताप आला आहे आणि तो मी लपवणार नाही.

फोटोत काय आहे ते सांगते. सागवानी पाट, त्याला पितळी बिजागरीने जोडलेले वाकडे पाते, पात्याच्या टोकाला दातेरी खवणी आणि शेजारी फोडलेल्या नारळाची अर्धी वाटी. पाटावर पाय ठेवून बसल्याशिवाय ही वस्तू वापरताच येत नाही. ती उचलून कोणावर धावून जायचे म्हटले, तर आधी तो जड पाट हातात घ्यावा लागेल.

चूक कुठे झाली असावी, हे मी स्वतःच शोधून काढले, कारण त्यांच्या सूचनेत आक्षेप नेमका कशावर आहे याचा एक शब्दही नव्हता. त्याच लोहाराची, त्याच मापाच्या पात्याची, पण घडी न होणारी माझी दुसरी विळी आजही बिनबोभाट विकली जात आहे. दोन्हींच्या माहितीत फरक एकच आहे. पहिलीच्या इंग्रजी शीर्षकात मी 'फोल्डिंग' आणि 'ब्लेड' हे शब्द लागून लिहिले होते आणि खटक्याच्या चाकूंच्या वर्णनातही हेच शब्द येतात. म्हणजे कोणीतरी फोटो पाहून निर्णय घेतला असण्यापेक्षा शब्द जुळले म्हणून लिस्टिंग आपोआप उडाली असण्याचीच शक्यता अधिक आहे.

अपिलाच्या अर्जाचा तर मला सर्वांत जास्त राग येतो. त्यात तीनच रकाने आहेत: उल्लंघनाचे मूळ कारण, तुम्ही केलेली दुरुस्ती आणि पुन्हा असे होऊ नये म्हणून योजलेले उपाय. 'उल्लंघन झालेलेच नाही' असे म्हणायला जागाच ठेवलेली नाही! पहिल्या वेळी एका ओळखीच्या विक्रेत्याच्या सल्ल्याने मी "यापुढे काळजी घेईन" असे लिहून मोकळी झाले आणि तिथेच फसले, कारण ते वाक्य कबुली म्हणून धरले गेले आणि खात्यावर उल्लंघनाची नोंद कायम राहिली. दुसरे अपील पुराव्यांसह पाठवले, तर रात्री दोन वाजता, पाठवल्यापासून चाळीस मिनिटांच्या आत, पहिल्या नकाराचाच मजकूर अक्षरशः जसाच्या तसा परत आला. त्याच विळीची नवी लिस्टिंग करावी, तर ती धोरण चुकवण्याची पळवाट समजून सगळे खातेच बंद होण्याची भीती आहे.

म्हणून तिसऱ्या अपिलात, पहिल्याच रकान्यात, मी स्पष्ट लिहिले आहे की मी उल्लंघन मान्य करत नाही. शस्त्र नियम, २०१६ च्या पहिल्या अनुसूचीत धारदार शस्त्रांच्या वर्गात ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्यांचा उल्लेख आहे, पण घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक वापरासाठी बनवलेल्या वस्तू त्यातून स्पष्टपणे वगळलेल्या आहेत. माझ्या विळीचे पाते ७ इंच लांब आणि दीड इंच रुंद आहे, म्हणजे ती मापातही बसत नाही आणि हेतूतही बसत नाही. कायद्याने मना नसलेली प्रत्येक वस्तू विकायला घेण्याचे बंधन बाजारपेठेवर नाही, हे मला मान्य आहे. परंतु त्यांच्या स्वतःच्या धोरणाच्या पानावर स्वयंपाकघरातील अवजारांना सूट आहे आणि माझा आधार मुख्यतः त्या ओळीचाच आहे. ती ओळ मी अपिलात शब्दशः उतरवली आहे. सोबत पात्यावर मोजपट्टी ठेवून काढलेला फोटो, लोहाराचे बिल आणि अजून चालू असलेल्या दुसऱ्या विळीचा लिस्टिंग क्रमांक जोडला आहे. शीर्षकातले ते दोन शब्द बदलण्याची तयारीही दाखवली आहे, मात्र ती दुरुस्ती शब्दांची आहे, गुन्ह्याची नव्हे, हेही त्याच वाक्यात नोंदवले आहे.

माझ्या मागण्या तीन आहेत. लिस्टिंग पूर्ववत करावी, खात्यावरची उल्लंघनाची नोंद पुसावी आणि बंदीच्या दिवसांचे गोदामभाडे परत करावे. आणि या वेळी नकारच द्यायचा असेल, तर विळी पाहिलेल्या माणसाने तो द्यावा आणि धोरणाची कोणती ओळ मोडली ते लिहावे. आज चतुर्थीला सहा दिवस उरले आहेत.