नील ई.सी. आहे हो, घ्या डोळे झाकून!

बेळगावात पहिलाच प्लॉट घेताय? वा! एजंटने ई.सी., म्हणजे जागेवर नोंदवलेला बोजा आहे की नाही हे सांगणारा सब-रजिस्ट्रारचा दाखला, हातात ठेवली असेल, तर ती वाचायचा आगाऊपणा करू नका. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घाला आणि देवापुढे ठेवा.

वर फॉर्म १५ लिहिलाय की १६, हे बघू नका. १५ म्हणजे जागेवर नोंदवलेले व्यवहार सापडले, खाली यादी आहे. १६ म्हणजे काहीच सापडलं नाही, हीच ती नील ई.सी. एजंटला १६ फार आवडतो.

यादीत गहाणखत दिसलं, तर ते फिटल्याची नोंद पुढे कुठे आहे का, हे शोधत बसू नका. फेडलं असेल हो.

२००४ च्या आधीचं काय? ऑनलाइन दिसत नाही, म्हणजे घडलंच नाही. जुन्या वह्यांच्या धुळीने तुम्हाला उगीच शिंका येतील.

कानडी येत नसेल तर उत्तमच.

सर्वे नंबरच्या बाबतीत तर एजंट देईल तोच नंबर मुकाट्याने घ्या. मी घेतला. माझ्या तीन गुंठ्यांचा नंबर ११२/२ब. ई.सी. त्याच नंबरची, २००४ पासून आजपर्यंत, फॉर्म १६, धुतल्या तांदळासारखी. मी दोन लाख इसार दिला, पेढे वाटले. मग एका वकिलांनी सहज विचारलं, हा 'ब' जन्माला कधी आला? आला २०१६ साली, पोटहिस्सा फोडल्यावर. त्याआधी सगळी जमीन नुसती ११२/२. आणि मालकाच्या वडिलांनी २०११ मध्ये एका पतसंस्थेला गहाण टाकली ती हीच ११२/२. त्या नंबरवर अर्ज केला, तेव्हा फॉर्म १५ आला. त्यात एकच ओळ, गहाणखत. फिटल्याची ओळ नाही. 'ब' ला विचारलं तर तो म्हणणारच, माझ्यावर काही बोजा नाही. २०११ मध्ये तो होता कुठे? आणि ई.सी.वर स्वच्छ छापलेलं असतं की अर्जदाराने दिलेल्या वर्णनावरून शोध घेतलाय, चुकीची जबाबदारी आमची नाही. ते मी वाचलं नाही! पेढे खाल्ले!

आणि ही झाली नोंदवलेल्या कागदांची गोष्ट. भावाभावांचा कोर्टातला दावा, वारसांचा हक्क, साध्या कागदावरचा इसार, यांना ई.सी.त जागा नाही.

अहो, एवढे पैसे ओतताय आणि चार कागद वाचायला जिवावर येतं? पहाणी म्हणजे इथला सातबारा, तो काढा, फेरफार काढा, जमीन कुठल्या नंबरातून फुटली ते बघा. प्रत्येक जुन्या नंबरासाठी वेगळा अर्ज करा. गाव मधे दुसऱ्या सब-रजिस्ट्रारकडे गेलं असेल, तर दोन्हीकडे करा. एजंट करेल म्हणून बसू नका. तो त्याचं कमिशन घेऊन गेला, माझा फोन आता उचलत नाही. इसार मात्र अजून मालकाकडेच आहे.