आकृतीतली नावं ‘शेवटी एका ओळीत’ का चालत नाहीत

वर्गातल्या स्लाइडच्या फोटोवरून मथळे आणि उपमुद्दे पाडून टिपण कसं करायचं यावर मी लेख लिहिला होता. त्यावर आलेली प्रतिक्रिया:
«ताई, एका स्लाइडच्या फोटोवर एवढं लिहायला तुम्हाला रिकामा वेळ बराच मिळतो असं दिसतं. हल्ली फोनवर फोटोतला मजकूर थेट कॉपी होतो, पेस्ट केला की झाली टिपणं. आकृतीतली नावं शेवटी एका ओळीत टाकून द्यायची, परीक्षेला तेवढी पुरतात. आणि मथळे, उपमुद्दे पोरं स्वतःच पाडतात, त्यात शिकवायचं काय?»

रिकाम्या वेळेबद्दल आधी बोलते, कारण सुरुवात तुम्ही तिथून केलीत. मत वेगळं असेल तर जरूर लिहा, कितीही कडक लिहा. पण समोरच्या बाईला दुसरं काही काम नाही असं आधीच ठरवून बोललात, की तुमचं पुढचं म्हणणं ऐकून घ्यायची इच्छा उरत नाही. इथे वाचायला येणारी बरीचशी मुलं नाशिक, निफाड, दिंडोरी भागातली, कृषी पदविकेची आहेत. त्यांच्यासमोर हा सूर मला मुळीच आवडलेला नाही.

एक गोष्ट मान्य करते. स्लाइडवर नुसते मुद्देच असतील आणि फोटो समोरून सरळ काढलेला असेल, तर कॉपी-पेस्टने भागतं. मी लिहिलं होतं ती स्लाइड तशी नव्हती. ती द्राक्षावरच्या डाऊनी रोगाची होती. डावीकडे मुद्दे, उजवीकडे रोगचक्राची आकृती, आणि फोटो कडेच्या बाकावरून तिरका काढलेला. त्यावर तुमची युक्ती करून पाहिलीत का? मी पाहिली आहे. डावीकडचा पहिला मुद्दा दोन ओळींत होता: वर ‘पानाच्या वरच्या बाजूला’ आणि खाली ‘तेलकट डाग’. वरच्या ओळीच्या नेमकं समोर, आकृतीत, ‘झूस्पोर’ असं लिहिलेलं, म्हणजे या रोगाचा पाण्यातून फिरणारा बीजाणू. फोनने ओळ आडवी सलग वाचली आणि माझ्या हातात आलं ‘पानाच्या वरच्या बाजूला झूस्पोर’. ‘तेलकट डाग’ हा खाली वेगळा मुद्दा होऊन बसला. वाक्य म्हणून ते बरोबर वाटतं, हीच त्यातली भीती आहे. द्राक्षाच्या पानाची पर्णरंध्रं खालच्या बाजूला असतात आणि झूस्पोर तिथूनच आत शिरतो. म्हणजे कॉपी केलेलं टिपण विषयाच्या नेमकं उलटं सांगतं, आणि पाठ करणाऱ्या मुलाला त्याचा पत्ताही लागत नाही.

आता तुमचं ते ‘शेवटी एका ओळीत’. ही ओळ अशी होईल: ऊस्पोर, पाऊस, झूस्पोर, पर्णरंध्र, तेलकट डाग, दमट रात्र, स्पोरँजियम. सगळी नावं आली. पण आकृतीवर लिहिलेल्या गोष्टी दोन जातीच्या असतात आणि तुमच्या ओळीत त्या एकमेकींत मिसळल्या. काही नावं चित्राला चिकटलेली असतात: ऊस्पोर, झूस्पोर, डाग. त्या अवस्था आहेत. काही नावं बाणावर बसलेली असतात: पाऊस, दमट रात्र. त्या अटी आहेत, एका अवस्थेतून पुढच्या अवस्थेत जायला काय लागतं ते सांगणाऱ्या. अवस्थेचा उपमुद्दा होतो, अट त्या उपमुद्द्याच्या पोटात जाते. म्हणून मी मुलांना आधी फोटो मोठा करून फक्त बाण बघायला लावते, शेपूट कुठे आणि टोक कुठे. नाव कोणाच्या जवळ आहे यावर जायचं नाही. जागा कमी पडली की शिक्षक नाव लांब लिहितात आणि बारीक रेघ ओढून चित्राला जोडतात. ती रेघ आणि बाण यांत गल्लत झाली की सगळी आकृती बिघडते. टोक नसेल तर ती नाव सांगणारी रेघ, एवढं बघितलं तरी पुरतं.

असं करून त्या स्लाइडचा तिसरा मथळा हा असा उतरला:

३. रोगचक्र
अ. सुरुवात: गळालेल्या पानांतले ऊस्पोर
– पाऊस झाला की रुजतात, पुढे झूस्पोर सुटतात
आ. शिरकाव: झूस्पोर पर्णरंध्रातून आत
– पानावर पाण्याचा थर लागतो
इ. तेलकट डाग (१-अ मध्ये आलं आहे)
ई. पानाखालची पांढरी वाढ: स्पोरँजियम
– दमट रात्र लागते
– वाऱ्याने, पावसाच्या शिंतोड्यांनी नव्या पानावर, पुन्हा ‘आ’पासून

दोन ठिकाणी थांबून बघा. तेलकट डाग हा लक्षणांच्या मुद्द्यांतही आहे आणि आकृतीतही. तो दोनदा सविस्तर लिहिला तर मुलाला त्या दोन वेगळ्या गोष्टी वाटतात. म्हणून एका जागी पूर्ण लिहायचा आणि दुसऱ्या जागी फक्त क्रमांक द्यायचा. दुसरं म्हणजे शेवटचा बाण. तो ‘अ’कडे परत जात नाही, ‘आ’कडे जातो. ऊस्पोरपासूनची सुरुवात वेगळी, आणि हंगामात पानापानावर फिरत राहणारं चक्र वेगळं. टिपणात गोल काढता येत नाही, तेव्हा बाण कुठे परततो ते शब्दांत लिहावंच लागतं. तुमच्या एका ओळीत हे चक्र राहिलंच कुठे?

परीक्षेला पुरतं म्हणता ना? आमची पिंपळगाव बसवंतला बाग होती, तिथे मी लहानपणापासून डाऊनी बघितली आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागला की घरातली माणसं जेवण सोडून बागेत जायची. डाग संशयाचा वाटला तर वडील ते पान ओल्या कागदाबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून रात्रभर अंधारात ठेवायचे. सकाळी पानाखाली पांढरी लव आली असली की डाऊनी नक्की. वडिलांनी कुठलीही स्लाइड पाहिली नव्हती, पण ‘दमट रात्र’ ही अट कोणत्या अवस्थेची हे त्यांना ठाऊक होतं. ज्याच्या टिपणात ‘पाऊस’ आणि ‘दमट रात्र’ शेजारी शेजारी नुसत्या पडल्या आहेत, तो मुलगा पांढरी वाढ केव्हा दिसते या प्रश्नाला ‘पाऊस आल्यावर’ असं लिहून मोकळा होतो. असे पेपर मी तपासलेले आहेत. तुम्ही किती तपासलेत ते मला माहीत नाही, पण लिहिण्यावरून अंदाज येतो.

मथळे पोरं स्वतःच पाडतात, यावर फार बोलत नाही. पाडतात, आणि तिरक्या फोटोत चुकीचे पाडतात. कडेवरून काढलेल्या फोटोत डावी कड कलते, त्यामुळे वरचा मुद्दा आत सरकल्यासारखा दिसतो आणि उपमुद्दा समजला जातो. ठिपका कोणता आणि अक्षर किती मोठं हे आधी बघायचं, मोकळी जागा नंतर. ज्या ओळीला ठिपकाच नाही ती वरच्या मुद्द्याचीच राहिलेली ओळ.

तुम्हाला अजूनही पटत नसेल तर भांडू नका, एक करा. ती स्लाइड लेखात दिलेलीच आहे, तिचं तुमच्या पद्धतीचं टिपण करून इथे टाका. मी ते फोटो न पाहिलेल्या एका मुलाच्या हातात देईन आणि त्यावरून कागदावर बाण काढायला सांगेन. माझ्या टिपणावरूनही दुसऱ्या एकाला काढायला लावेन. दोन्ही कागदांचे फोटो इथेच टाकते.