अडीच हजार की ४,९५०? एका प्रतिक्रियेला उत्तर

‘मोतीबिंदूच्या ऑपरेशनांसाठी देणगी मागणाऱ्या नव्या आवाहनातून तुम्ही “अडीच हजारांत एका आजीला दृष्टी” हे वाक्य काढलंत, पाणावलेल्या डोळ्यांचा फोटो काढलात आणि रक्कम थेट ४,९५० केलीत. मी पंधरा वर्षं मार्केटिंगमध्ये आहे. माणूस एका चेहऱ्याला आणि एका छोट्या आकड्याला पैसे देतो. तुमच्या या सोवळेपणापायी किती ऑपरेशनं राहिली, तेवढं एकदा मांडा. – एक वाचक, नेरुळ’

चेहऱ्याबद्दल तुमचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे. ‘हजारो वृद्ध अंधारात’ असं लिहिलं की वाचणाऱ्याचं बोट पुढे सरकतं. म्हणून नव्या मजकुरातही एकच बाई आहे. फक्त ती रडत नाही, आणि त्याचं कारण ती स्वतः आहे. मोखाड्याच्या पुढच्या एका पाड्यावर मी तिला जुना मसुदा वाचून दाखवला. छापायची परवानगी घ्यायची तर काय छापणार ते ऐकवायला हवंच. ‘अंधारात चाचपडणारी’ हे शब्द आले आणि ती म्हणाली, ‘मी कुठं आंधळी? तांदळातले खडे दिसत नाहीत, एवढंच. सून निवडते नि तोंड करते.’ नाव, फोटो नको म्हणाली. खड्यांचं मात्र लिहा म्हणाली. पहिली ओळ अशी आयती मिळाली. ठाण्यातल्या ज्या घरांत अजून तांदूळ निवडतात, तिथे ती बरोबर पोचते. तुम्ही पंधरा वर्षांत लिहिलेल्या ओळींशी ताडून पाहा.

आता आकडा. अडीच हजार खोटा नव्हता, तो अपुरा होता. रुग्णालय आमच्या ट्रस्टला एका ऑपरेशनचं जे बिल लावतं त्याच्या आसपासचा तो आकडा. त्यात भिंग, औषधं, भूल आणि थिएटरचा खर्च धरलेला असतो. पण बाई थिएटरपर्यंत पोचते कशी, ते त्यात नाही.

गेल्या हिवाळ्यातलं एकच शिबिर घ्या. साठ जणांचे डोळे तपासले. ऑपरेशनलायक मोतीबिंदू निघाला चौदा जणांना. त्यातल्या तिघांची शुगर किंवा बीपी इतकं वर होतं की डॉक्टरांनी आधी गोळ्या सुरू करायला सांगितलं. उरले अकरा. ठरलेल्या सकाळी बसपाशी आले नऊ. एकाच्या घरी लग्न, आणि एका आजोबांबरोबर यायला कोणी नव्हतं. तपासणीची जीप, तपासणारी माणसं, डोळ्यांत घालायचे थेंब यांचा खर्च ७,२०० झाला तो साठ जणांवर. पण तो भरून निघणार या नऊ जणांच्या पैशांतून. म्हणजे माणशी ८००.

बसचं भाडं येऊन-जाऊन ६,३००, माणशी ७००. रुग्ण आणि सोबतचा माणूस यांच्या जेवणाचे २००. महिन्याने पुन्हा तपासायला डॉक्टर पाड्यावर जातात, त्या फेरीचे माणशी ४००. चष्म्याचे २५०. रुग्णालयाचे २,६००. बेरीज करा, ४,९५० येतात.

आता तुम्ही म्हणाल, चष्मा कशाला, भिंग बसवलंय ना? भिंग बहुधा लांबचं दिसावं अशा बेताने बसवतात. तांदूळ निवडायचे तर जवळचा चष्मा लागतो. शिवाय डोळ्याची लांबी आणि बुबुळाचा बाक मोजून भिंगाचा नंबर काढला, तरी थोडा फरक राहतो. जखम भरेपर्यंत नंबर स्थिर होत नाही, म्हणून चष्मा महिना-दीड महिन्याने. त्या फेरीचे ४०० आवाहनात नसले की ती फेरी रद्द होते, आणि ज्या खड्यांच्या नावावर पैसे मागितले ते खडे सून निवडतच राहते. एका वर्षी हेच झालं. ऑपरेशनचे पैसे खात्यात पडून होते, पण ऑपरेशनसाठी म्हणून मागितलेले पैसे जीपच्या डिझेलला वळवता येईनात. मजकूर मीच लिहिला होता.

‘दृष्टी’ हा शब्द काढला तो सोवळेपणाने नाही. खेड्यातला मोतीबिंदू पुष्कळदा पूर्ण पिकून पांढरा झालेला असतो. त्यातून डॉक्टरांना मागचा पडदा दिसत नाही. मग अंधाऱ्या खोलीत टॉर्च वर, खाली, डावीकडे, उजवीकडे धरून विचारतात, ‘उजेड कुठून येतो?’ दिशा बरोबर सांगितली तर पडदा बहुतेक ठीक असावा, असा तो अंदाज. सोनोग्राफीने पडदा सुटलाय का ते कळतं. काचबिंदूने नस किती वाळलीय ते नीट कळत नाही. त्या नऊ जणांत एका आजोबांचं ऑपरेशन स्वच्छ झालं, टाके नाहीत, पू नाही, आणि दुसऱ्या दिवशी पट्टी काढल्यावर त्यांना हाताची बोटंही मोजता येईनात. नस आधीच गेलेली होती. जागतिक आरोग्य संघटनेचा जुना मापदंडसुद्धा शंभरातल्या किमान ऐंशी डोळ्यांना ६/१८ किंवा त्याहून चांगलं दिसावं एवढंच मागतो, शंभर मागत नाही. ज्या देणगीदाराच्या पावतीला मी त्या आजोबांचा डोळा जोडला असता, त्याला ‘तुमच्यामुळे दृष्टी मिळाली’ असं पत्र कोणत्या तोंडाने पाठवू? ‘एका डोळ्याचं ऑपरेशन, चष्म्यापर्यंत’ एवढं वचन पाळता येतं, म्हणून तेवढंच लिहिलंय.

‘एका डोळ्याचं’ हा शब्दही एका गृहस्थांचा. नौपाड्यातल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये जुनं पत्रक वाटलं, तेव्हा मागच्या खुर्चीवरून त्यांनी विचारलं, ‘अडीच हजारांत आजी म्हणताय, तर एक डोळा की दोन?’ बँकेतून निवृत्त झालेले असावेत. मला उत्तर देता आलं नाही.

राहिला तुमचा हिशेब. नव्या मजकुराला पहिल्या पंधरवड्यात देणगीदार कमी आले, हे खरं. पूर्ण ४,९५० देणारे थोडे. बाकीच्यांनी ५०० किंवा हजार दिले. किती ऑपरेशनं राहिली ते मला एका आकड्यात सांगता येत नाही, कारण जुन्या आवाहनाच्या पैशांतून किती डोळे चष्म्यापर्यंत पोचले याची नोंदच आम्ही ठेवली नव्हती. आता शिबिरागणिक वहीत चार रकाने आहेत: तपासले, बसमध्ये बसले, ऑपरेशन झालं, चष्मा मिळाला.

एक चूक मात्र तुमच्या नजरेतून सुटली, तीही माझीच. आवाहन मार्चमध्ये पाठवलं, कारण मार्चअखेर लोक करसवलतीसाठी ८०जीची पावती मागतात (ही सवलत नव्या करप्रणालीत मिळत नाही, ते आता पत्रकात लिहिलंय). आणि खाली लिहिलं, ‘याच महिन्यात ऑपरेशन’. पाड्यावर उन्हाळ्यात कोणी डोळा कापून घ्यायला तयार नसतं, पावसात भातलावणी सोडून कोणी येत नाही. बसगाड्या भरतात त्या दिवाळीनंतर. म्हणून आता वाक्य असं आहे: ‘तुमचे पैसे आज जमा होतील, बस नोव्हेंबरात निघेल.’

छोटा आकडा हवाच असेल तर माझ्याकडे एक आहे. ७०० रुपयांत एका माणसाचं बसचं जाणं-येणं. तो खरा आहे आणि कोणी मागत नाही म्हणून कायम कमी पडतो. त्याच्यावर चार शब्दांचं शीर्षक मला गेले तीन आठवडे सुचलेलं नाही. पंधरा वर्षांचा अनुभव आहे म्हणता, तर पाठवा. पुढचं पत्रक छापायला शुक्रवारी जातंय.