लाँग ब्लॅक आणि अमेरिकानो : क्रमाविषयीच्या आक्षेपाला उत्तर

वाचकाची प्रतिक्रिया : "तेच पाणी आणि तीच एस्प्रेसो असेल, तर आधी काय ओतले याने चव कशी बदलेल? दोन अधिक तीन काय किंवा तीन अधिक दोन काय, उत्तर पाचच येते. लाँग ब्लॅक 'अधिक दाट आणि मुलायम' लागते हे तुमचे विधान मला कॅफेवाल्यांनी पसरवलेला भ्रम वाटते. क्रेमा, म्हणजे एस्प्रेसोवरचा फेस, ही केवळ दिखाऊ गोष्ट आहे."

आपल्या आक्षेपाचा अर्धा भाग मला मान्य आहे, आणि तो माझ्या लेखातली चूक दाखवणारा असल्यामुळे आधी त्याविषयी लिहितो. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये लाँग ब्लॅक बनवताना कपात साधारण 100 ते 120 ग्रॅम गरम पाणी घेऊन त्यावर दुहेरी एस्प्रेसो सोडतात. अमेरिकानोत एस्प्रेसोवर पाणी ओततात आणि ते बहुधा बरेच जास्त असते. एस्प्रेसोच्या 36 ग्रॅमच्या दुहेरी शॉटमध्ये 9 टक्के विरघळलेली कॉफी आहे असे धरले, तर ती सुमारे 3.2 ग्रॅम भरते. तीच कॉफी 100 ग्रॅम पाण्यात गेली तर पेयाची तीव्रता 2.4 टक्क्यांच्या आसपास राहते, आणि 180 ग्रॅम पाण्यात गेली तर दीड टक्क्यावर येते. म्हणजे ज्या दाटपणाचे श्रेय मी क्रमाला दिले, तो मुख्यतः कमी पाण्यामुळे येतो.

मात्र आपले बेरजेचे उदाहरण कप नीट ढवळल्यानंतरच लागू पडते, आणि लाँग ब्लॅक सहसा न ढवळता पितात. यंत्रात सुमारे 9 बार दाबाखाली पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड दाब सुटताच बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर येतो. या बुडबुड्यांभोवती कॉफीतील तेलकट घटक आणि पुडीचे अतिसूक्ष्म कण धरले जातात आणि क्रेमा तयार होते. एस्प्रेसो अलगद पाण्यावर पडली की द्रव खाली जाऊन मिसळतो, पण फेस वर तरंगत राहतो. उलट एस्प्रेसोवर पाण्याची धार पडली की बुडबुडे फुटतात, ते कण सगळ्या कपात पसरतात आणि वर उरते ती फिकट, विरळ साय. मिसळीवरची तर्री ढवळण्याआधी आणि ढवळल्यानंतर चाखून पाहणाऱ्याला हा फरक अधिक समजावून सांगायला नको.

आता 'मुलायम' या शब्दाविषयी. क्रेमा चमच्याने वेगळी काढून चाखा: ती कडवट, किंचित राखेसारखी आणि जिभेला कोरडी लागते. त्यामुळे अखंड क्रेमा असलेल्या लाँग ब्लॅकचा पहिला घोट सुगंधाने भरलेला आणि तोंडात जड असला, तरी तो अमेरिकानोपेक्षा अधिक कडवट असतो. मी लिहिले होते त्याच्या हे नेमके उलट आहे. रोबस्टा जातीच्या बिया मिसळलेल्या ब्लेंडमध्ये क्रेमा जाड येते आणि हा कडवटपणा सहज कळतो. भाजून बरेच आठवडे झालेल्या बियांत वायूच फारसा उरलेला नसतो, तेव्हा क्रम कोणताही ठेवला तरी दोन्ही कप जवळपास सारखेच होतात. शिवाय शॉट आधी जगमध्ये काढून वरून पाण्यात ओतला, तर क्रेमा ओततानाच मोडते. म्हणून क्रमाचा उपयोग व्हायचा असेल, तर कप थेट यंत्राखाली ठेवावा लागतो.

आपल्याला स्वतः पडताळायचे असल्यास दोन नळ्यांचे पोर्टाफिल्टर, म्हणजे यंत्राला लावायचा कॉफीची पूड धरणारा दांडा, वापरावे, म्हणजे एकच शॉट दोन कपांत विभागला जातो. एका कपात 60 ग्रॅम गरम पाणी आधी घ्यावे, दुसरा रिकामा ठेवावा आणि शॉट संपताच त्यात तितकेच पाणी ओतावे. दोन्ही कपांत शॉटचा वाटा सुमारे 18 ग्रॅम आला आहे ना, हे वजन करून पाहावे, कारण नळ्यांतून धार नेहमी समान येत नाही. एक फसगत इथेही संभवते: पहिल्या कपातले पाणी शॉट पडेपर्यंतच्या 25-30 सेकंदांत निवते आणि तापमानातला हा फरकच चवीतला फरक वाटू शकतो. त्यामुळे दोन्ही कप सारखेच कोमट झाल्यावर, परंतु क्रेमा विरण्याआधी, डोळे मिटून दुसऱ्याच्या हातून चाखावे. नंतर दोन्ही ढवळून पुन्हा चाखावे. माझ्या घरी हे केले तेव्हा न ढवळलेले कप मला बहुतेक वेळा ओळखता आले. ढवळल्यावर मात्र मी केवळ अंदाज बांधत होतो.

लेखातले 'मुलायम' हे विशेषण मी काढून टाकत आहे, आणि दाटपणाचे वाक्य पाण्याच्या प्रमाणासह नव्याने लिहीत आहे.