छत्री धरून वॉटरप्रूफिंग

आज सकाळी चहा घेऊन बाल्कनीत आले तर समोरच्या बिल्डिंगच्या गच्चीवर दोन माणसं. एकाच्या हातात ब्रश, बाजूला पांढऱ्या केमिकलचा डबा. दुसरा त्याच्या डोक्यावर छत्री धरून उभा. वरून रिमझिम चालू, आणि हा भाऊ ओल्या कोब्यावर दणादण पांढरं फासतोय. ऑगस्टमध्ये! छत्री माणसावर, गच्ची पावसात. मी अर्धा कप चहा तसाच ठेवला, इतकं डोकं फिरलं.

डोकं फिरलं कारण हे नाटक आम्ही पैसे देऊन पाहिलंय. कोथरूडमध्ये आमचा फ्लॅट सगळ्यात वरच्या मजल्यावर. पाच वर्षांपूर्वी जूनच्या एका रात्री अडीच वाजता सासऱ्यांनी हाक मारली, "सूनबाई, जरा बघतेस का, इथे अभिषेक चाललाय." हॉलमधल्या पंख्याच्या दांडीवरून थेंब थेंब पाणी थेट त्यांच्या कॉटवर. ब्याऐंशी वर्षांचा माणूस, एका रात्रीत चार वेळा कॉट हलवली. शेवटी स्वयंपाकघराच्या दारात ती आडवी लावली आणि हॉलमध्ये बादली, परात, पातेलं, जे मिळेल ते मांडलं.

दुसऱ्या दिवशी कमिटीने एक माणूस आणला. त्याने वर जाऊन दोन मिनिटं पाहिलं, "मॅडम, वॉटरप्रूफिंग गेलंय" असं सांगितलं, अडतीस हजार घेतले आणि दोन दिवसांच्या उघडिपीत पांढरं फासून गेला. गणपतीपर्यंत त्या पांढऱ्याचे पापडासारखे फुगे आले. अंगठा लावला की फट्कन फुटायचे आणि आत पाणी. त्यात गूढ काही नाही. कोब्याच्या पोटात पाणी होतं, वरून झाकण लावलं, ऊन पडलं, आतली वाफ बाहेर यायला धडपडली आणि तिने रंगच उचलला. गच्ची कोरडी आहे की नाही हे तर घरीही कळतं. प्लॅस्टिकचा हातभर तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून रात्रभर ठेवायचा. सकाळी आतून घाम आलेला दिसला, तर डबा उघडायचाच नाही. पण हे करायला एप्रिल लागतो. एप्रिलमध्ये कोणाला गळती आठवते?

बरं, खरी गंमत पुढे. वॉटरप्रूफिंग गेलंच नव्हतं.

सप्टेंबरमध्ये पुन्हा गळायला लागलं तेव्हा सासऱ्यांच्या ओळखीचे एक म्हातारे गवंडी आले. त्यांनी छताकडे पाहिलंच नाही. विचारलं, "पाणी पाऊस थांबल्यावर किती वेळ गळतं?" मी म्हटलं, दीड दिवस. "मग वर तळं झालंय." पंख्यातून गळतंय म्हणजे पंख्याच्या वर भोक आहे असं नसतं. स्लॅबमध्ये वायरींचे पाइप टाकलेले असतात. पाणी कुठेही शिरलं की त्यातून वाट काढतं आणि जिथे तोंड मिळेल तिथे, म्हणजे पंख्याला नाहीतर ट्यूबलाइटला, बाहेर पडतं. (त्या रात्री पंखा चालू होता हे आठवलं की आजही पोटात गोळा येतो. असं काही दिसलं की आधी त्या खोलीचं बटण नाही, मेन बोर्डावरचा एमसीबी पाडा. मग बादली.)

गवंडीबुवा गच्चीच्या कोपऱ्यात गेले. तिथे घोटा बुडेल एवढं पाणी. सगळा उतार त्या कोपऱ्याकडे, तिथे पावसाळी पाइपाचं तोंड, आणि त्यावर जाळीच नाही. कधी तुटली कोणालाच माहीत नाही. पाणी साचून साचून वाट्याच्या वर चढलं होतं. वाटा म्हणजे गच्ची आणि कठडा जिथे मिळतात तिथली सिमेंटची गोलाई. पाणी अडवायचं काम तिचं, पण तिच्या उंचीपर्यंतच. त्याच्यावर कठड्याचं साधं प्लॅस्टर, त्याला केसासारख्या भेगा, तिथून पाणी आत. वरून कितीही पांढरं फासा, पाणी बाजूने शिरत होतं.

त्यांनी पाइपात वरून काठी घातली नाही. मी घालायला निघाले होते, तर माझ्यावरच ओरडले. वरून ढोसलं की अडकलेलं बेंडमध्ये जाऊन घट्ट बसतं, मग पाइप फोडावा लागतो. खालच्या मजल्यावर पाइपाला दाराचा बेंड होता, त्याचे बोल्ट खोलले, आणि बदाबदा काळं पाणी, कबुतराच्या घरट्याच्या काड्या, गुलमोहराच्या कुजलेल्या पाकळ्या, गुटख्याच्या पुड्या (आमच्या "सुसंस्कृत" सोसायटीत, हो!) आणि सगळ्यात शेवटी एक टेनिस बॉल. टेनिस बॉल पावणेसात सेंटिमीटरचा, आमचा जुना बिडाचा पाइप तीन इंची, आतून गंजलेला. बूच मुद्दाम करून घेतलं असतं तरी इतकं नेमकं बसलं नसतं. गवंडीबुवांनी सहाशे रुपये घेतले. अडतीस हजार विरुद्ध सहाशे.

तेव्हापासून आमच्या घरात गच्चीचं वेळापत्रक आहे. ते माझं नाही, सासऱ्यांचं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहायचे. ते गेल्यावर आता मी लिहिते, अक्षर मात्र त्यांच्यासारखं येत नाही.

एप्रिलच्या चौकटीत "भेगा". वाटा, कठडा, टाकीच्या पायाभोवती. जे काही सिमेंटचं, केमिकलचं काम करायचं ते तेव्हाच, दोन हात, पहिला उभा तर दुसरा आडवा, मध्ये नीट वाळू देऊन. कोणी सांगेल की गच्चीवर पाणी तुंबवून दोन दिवस ठेवा आणि गळती शोधा. पद्धत बरोबर आहे, मान्य. पण पुण्यात एप्रिलमध्ये, टँकरच्या दिवसांत, गच्चीवर पाणी कोण सोडणार? म्हणून सासऱ्यांची युक्ती: वळवाची वाट बघायची. पहिली जोरदार सर झाली की दुसऱ्या दिवशी दुपारी खडू घेऊन वर जायचं आणि जिथे जिथे अजून डबकं आहे त्याभोवती गोल काढायचा. चोवीस तासांनंतर उरलेलं डबकं म्हणजे तिथे उतार बसलाय. पावसाआधी दुरुस्ती करायच्या जागा आपोआप कळतात. पाण्याचं बिल शून्य.

त्याच वळवाने वर्षभराचा पाला वाहून पाइपाच्या तोंडाशी आलेला असतो. तेव्हा रोहिणी लागली की, म्हणजे २५ मेच्या आसपास, पाइप. जाळी घुमटाच्या आकाराची हवी. सपाट जाळीवर एक प्लॅस्टिकची पिशवी बसली की संपलं, घुमटावर पाला चिकटला तरी बाजूने पाणी जातं. मग एकाने खाली पाइपाच्या टोकाशी उभं राहायचं आणि दुसऱ्याने वरून दोन भरलेल्या बादल्या एकदम ओतायच्या. खाली लगेच धबधबा आला तर ठीक. पाणी तोंडाशी घुटमळलं आणि खाली करंगळीएवढी धार आली, तर आत कोणीतरी बसलंय.

नक्षत्रं आता पाऊस पाळत नाही, हे खरं. २०२५ साली तर मोसमी पाऊस २६ मेलाच पुण्यात हजर, मृगाला जवळजवळ दोन आठवडे बाकी असताना. ठीक आहे, तारखा अलीकडे ओढा. क्रम तर तोच राहतो ना?

एक हिशोब सांगते, कारण कमिटीच्या मीटिंगमध्ये हाच चालला. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर चार इंच पाणी साचलं तर ते साधारण साडेनऊ हजार लिटर होतं. म्हणजे उन्हाळ्यात आपण जो मोठा टँकर मागवतो, तो जवळजवळ अख्खा टँकर डोक्यावर उभा. एका बॉलमुळे. यानंतर जाळीच्या खर्चावर कोणी हरकत घेतली नाही. आणि गच्चीतून येणारं पावसाचं पाणी हा सोसायटीच्याच खर्चाचा विषय आहे, आदर्श उपविधींत तसं आहे. "वरच्या मजल्यावाल्यांचं ते बघतील" हे ऐकून घेऊ नका. तुमच्याच बाथरूममधून गळत असेल तर मात्र तो तुमचा प्रश्न.

मृगाच्या चौकटीत सामान. यात मोठं काही नाही. वीज गेली की सोसायटीचा पंप बंद, आणि धो धो पावसात नळ कोरडा, हे पुणेकराला नवीन नाही. म्हणून झाकणाच्या दोन कळश्या पिण्याचं पाणी (उघडं पिंप नको, डेंग्यूचे डास तिथेच वाढतात), टॉर्च, इन्व्हर्टरला डिस्टिल्ड वॉटर, सासऱ्यांची औषधं पंधरा दिवसांची, आणि एक ताडपत्री व दोरी. भर पावसात गळलं तर उपाय ताडपत्रीच, केमिकल नाही. "औषधं" हा शब्द मी अजूनही लिहिते. आता माझ्या बीपीची.

आणि मग प्रत्येक रविवारी, हस्त संपेपर्यंत, पाच मिनिटं वर जाऊन जाळी साफ करायची. बस्स. खिडक्यांचंही तेव्हाच. सरकत्या खिडकीच्या पट्टीला बाहेरच्या बाजूने बारीक भोकं असतात, ती धुळीने बुजली की पट्टी भरते आणि पाणी आत सांडतं. जुना टूथब्रश आणि टाचणी. लोक त्यासाठी पण सिलिकॉनवाला बोलावतात, काय बोलणार!

बॉल कोणाचा होता ते कळलं होतं. त्यावर पेनने नाव होतं, दुसऱ्या मजल्यावरच्या मुलाचं. मी चांगली झापणार होते. सासऱ्यांनी बॉल धुतला, वाळवला आणि त्याला परत दिला. म्हणाले, "पाच महिने तिथे बसलेला बॉल टप्पा घेतो का, ते बघ." घेत होता.

समोर जाऊन सांगावं का असा दिवसभर विचार केला. गेले नाही. परक्या सोसायटीत "काकू, तुम्ही कोण?" ऐकायची हौस नाही. दुपारी चारला जोराची सर आली, दोघं छत्री घेऊन पळाले. आत्ता बाल्कनीतून बघतेय, त्यांच्या पावसाळी पाइपातून खाली दुधासारखं पांढरं पाणी पडतंय, रस्त्याच्या कडेने ओघळ पार रिक्षा स्टँडपर्यंत गेलाय.

निदान त्यांचा पाइप तरी मोकळा आहे.