‘पगार अनुभवानुसार’ लिहिलेली जागा एजन्सी बाजूला का ठेवते

“एजन्सीला पदाचं नाव कळवलं की पुरे. पगाराचा आकडा सांगू नका, उमेदवार वरचाच मागतो. कौशल्यं भरपूर लिहा म्हणजे गाळून चांगला माणूस येतो. आणि ‘तातडीने हवा’ लिहा, म्हणजे ते धावतात.”

बडोद्यातल्या कारखानदारांच्या गटांत हा सल्ला फिरतोय. तो पाळणाऱ्यांच्या जागा रिकाम्या राहतात, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी एजन्सीचं गणित. बहुतेक एजन्सींना माणूस रुजू झाल्यावरच फी मिळते. ती साधारणपणे वार्षिक सीटीसीच्या ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याइतकी असते. तिथल्या मुलीकडे एका वेळी अनेक जागा असतात. जी भरेल असं दिसतं तिच्यावर ती दिवस घालवते, आणि आकडा नसलेली जागा आपोआप मागे पडते.

मकरपुरा जीआयडीसीतली एक जागा घेऊ: मेंटेनन्स इंजिनिअर, इलेक्ट्रिकल. एवढ्यावर एजन्सी ट्रान्सफॉर्मर दुरुस्त करणाराही पाठवेल आणि ऑफिसात ड्रॉइंग काढणाराही. त्याऐवजी सांगा की दोन शिफ्ट आहेत, हाताखाली तीन वायरमन आहेत, सीएनसी मशिनं आणि ओव्हरहेड क्रेन सांभाळायची आहे, प्लांट हेडला रिपोर्ट करायचं आहे आणि नवं पॅनेल डिझाइन करायचं नाही. कारखान्याची जागाही सांगा. मांजलपुरात राहणारा मकरपुऱ्याला आनंदाने येतो, पण सावली तालुक्यात जायचं म्हटलं की कंपनीच्या बसबद्दल विचारतो.

आता पगार. उमेदवार वरचा आकडा धरून बसेल ही भीती खरी आहे, पण एजन्सीला सांगणं आणि जाहिरातीत छापणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एजन्सीला पूर्ण पट्टा द्या, समजा ४.८ ते ६ लाख, आणि कोण कुठे बसेल तेही सांगा. चार वर्षांचा डिप्लोमावाला खाली, बिघाड एकट्याने शोधणारा वर. उमेदवाराला किती सांगायचं तेही ठरवून द्या आणि शेवटच्या तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप मागवा. हातात किती पडणार तेही एजन्सीला ठाऊक हवं. ५.४ लाख सीटीसी म्हणजे महिना ४५,०००. बेसिक निम्मं धरलं तर कंपनीचा पीएफ २,७०० आणि ग्रॅच्युइटी सुमारे १,०८० त्यातच असते. उमेदवाराचा पीएफ २,७०० आणि गुजरातचा व्यवसाय कर २०० कापल्यावर, आयकर सोडून, हातात ३८ हजारांच्या आसपास येतात. हे शेवटी कळलं की उमेदवार ऑफर लेटर हातात असताना मागे फिरतो.

एक अडचण मात्र खरी आहे. फी टक्क्यात असली की एजन्सीला पगार वर गेलेला परवडतो. म्हणून फीचा आकडा आधीच ठरवून घ्या, पट्ट्याच्या मध्यावर. त्यासाठी पट्टा लपवायची गरज नाही.

कौशल्यांच्या लांब यादीने सगळ्यात जास्त नुकसान होतं. एजन्सीतली व्यक्ती इंजिनिअर नसते. ती नोकरीच्या पोर्टलवर शब्द टाकून शोधते, आणि दहा शब्द एकत्र टाकले की ते सगळे रेझ्युमेत ओतणारेच वर येतात. व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग बदलणारी ड्राइव्ह, दुरुस्त करणाऱ्या माणसाने कदाचित तो शब्द लिहिलेलाही नसतो. म्हणून अनिवार्य कौशल्यं तीनच द्या, बाकीची ‘असल्यास उत्तम’मध्ये टाका. शिवाय प्रत्येकासोबत फोनवर विचारायचा एक प्रश्न आणि अपेक्षित उत्तर लिहून द्या. उदाहरणार्थ: “व्हीएफडी ओव्हरकरंटवर ट्रिप झाली तर पहिल्यांदा काय बघाल?” जाणकार म्हणेल, फॉल्ट कोड वाचतो, मोटर सुरू होताना ट्रिप होते की चालताना ते बघतो, लोड अडकलाय का तपासतो, आणि इन्सुलेशन तपासायला मेगर लावायचा तर केबल ड्राइव्हपासून सोडवून घेतो. केबल न सोडवता मेगर लावला तर ड्राइव्हच जाऊ शकते. हा शेवटचा मुद्दा स्वतःहून बोलणारा माणूस मुलाखतीला बोलवाच. “रीसेट करून बघतो” एवढ्यावर थांबला तर इंजिनिअर नसलेली व्यक्तीसुद्धा त्याला गाळू शकते.

‘तातडीने’ या शब्दाला कॅलेंडर नसतं. जुना माणूस ३० जूनला निवृत्त होतोय आणि महिनाभर सोबत काम हवं, म्हणजे नवा १ जूनला हजर हवा. नोटीस ६० दिवसांची असेल तर त्याने १ एप्रिलच्या आत राजीनामा द्यायला हवा, म्हणजे ऑफर २८ मार्चपर्यंत. त्याआधी मुलाखतीच्या दोन फेऱ्या, त्याआधी रेझ्युमे. थोडक्यात, एजन्सीशी बोलणं १ मार्चला. आणि प्लांट हेडच्या मुलाखतीच्या तारखा त्याच दिवशी राखून ठेवा, कारण उशीर बहुतेक वेळा आपल्याच बाजूने होतो. नोटीसच्या काळात काही जण आपलं ऑफर लेटर दाखवून जुन्या कंपनीत पगार वाढवून घेतात. म्हणून दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला पहिला रुजू होईपर्यंत नकार कळवू नका, एजन्सीलाही तसं आधीच सांगा.