कॉम्प-ऑफ दिला म्हणून दुप्पट पगार बुडत नाही

"सुट्टीच्या दिवशी कामाला बोलावलं आणि बदली सुट्टी दिली, की हिशोब मिटला. वर पैसे मागायचा हक्क खासगी नोकरीत कुणालाच नाही. कॉम्प-ऑफ महिन्यात घेतला नाही तर तो जातो. आणि हाच नियम रविवारपासून सरकारी सुट्टीपर्यंत सगळ्या सुट्ट्यांना लागू आहे."

पगाराच्या चर्चेत हा मेसेज हमखास फिरतो आणि लोक तो वाचून गप्प बसतात, म्हणून प्रत्येक वाक्याला उत्तर देतो. बोलतोय ते महाराष्ट्रातल्या दुकानं, कार्यालयं, हॉटेलं अशा आस्थापनांबद्दल, म्हणजे दुकाने व आस्थापना अधिनियम, 2017 ज्यांना लागू आहे त्यांच्याबद्दल. कारखान्यांचा कायदा वेगळा आहे.

पहिलं वाक्य सरळ चुकीचं आहे. कलम 18 मध्ये वर्षाला आठ पगारी सणसुट्ट्या आहेत. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या चार ठरलेल्या. उरलेल्या चार मालक आणि कामगारांनी वर्ष सुरू होण्याआधी आपसात ठरवायच्या. या दिवशी मालक कामाला बोलावू शकतो, पण त्याबद्दल दुप्पट वेतन द्यायचं आणि शिवाय दुसऱ्या दिवशी सुट्टीही द्यायची. कायद्यात 'किंवा' नाही, 'आणि' आहे. अनेक मनुष्यबळ विभाग यातला एकच अर्धा भाग देतात आणि कामगाराला दुसरा अर्धा माहीतच नसतो.

आता पैशांचं. दिवसाचं वेतन म्हणजे त्या महिन्यातल्या कमाईची रोजची सरासरी, ओव्हरटाइम वगळून. समजा एखाद्याचा पगार 26,000 रुपये आहे आणि कंपनी 26 दिवसांनी भागते, तर दिवसाचे 1,000 रुपये झाले. त्याने 15 ऑगस्टला काम केलं. महिन्याच्या पगारात त्या पगारी सुट्टीचे 1,000 आधीच धरलेले आहेत. दुप्पट व्हायला कमीत कमी आणखी 1,000 यायला हवेत. सुट्टीचं वेतन वेगळं आणि कामाचं दुप्पट वेतन वेगळं, म्हणून 2,000 जास्त मिळायला हवेत, असंही काही जण मांडतात. तो वाद बाजूला ठेवला तरी पगाराच्या स्लिपवर 26,000 च असतील, तर कंपनीने दुप्पट दिलेलं नाही हे उघड आहे. आणि पुढच्या सोमवारी सुट्टी दिली असेल तर त्याने फक्त दुसरी अट पूर्ण होते.

मुदतीचा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण त्यात लोकांच्या सुट्ट्या गिळल्या जातात. त्याच कलमात वर्षाला आठ नैमित्तिक रजा आहेत आणि त्या न घेतल्यास वर्षअखेरीस संपतात असं स्पष्ट लिहिलं आहे. सणसुट्टीच्या बदली सुट्टीबद्दल मात्र असं एकही वाक्य नाही. जिथे रजा संपवायची होती तिथे कायद्याने ते लिहिलं. बदली सुट्टी कधी घ्यायची याची शिस्त कंपनी लावू शकते, पण कामाच्या गर्दीमुळे साहेबांनीच अर्ज नाकारत राहायचं आणि मग 'मुदत संपली' म्हणायचं, हे मान्य करण्यासारखं नाही. म्हणून अर्ज आणि नकार दोन्ही ईमेलवर ठेवा. तोंडी नकाराचा पुरावा राहत नाही.

रविवारचं गणित वेगळं आहे. साप्ताहिक सुट्टीला काम केलं तर दोन महिन्यांच्या आत बदली रजा मिळायला हवी. त्या दिवसाला सणसुट्टीचा 'दुप्पट अधिक सुट्टी' हा नियम लागत नाही, म्हणून तो दाखवून भांडू नका, हराल. कायद्यातल्या तासांच्या मर्यादेपेक्षा जास्त काम झालं तर जादा तासांचं ओव्हरटाइम अर्थातच वेगळं.

सरकारी सुट्ट्यांच्या यादीबद्दल मेसेज दुसऱ्या बाजूनेही दिशाभूल करतो. शासनाने जाहीर केलेली सुट्टी खासगी आस्थापनेला आपोआप लागू होत नाही. बँका आणि सरकारी कार्यालयं बंद असली तरी तो दिवस तुमच्या ठरलेल्या आठांत नसेल, तर या कलमाखाली दुप्पट मागता येत नाही. म्हणून गणेशचतुर्थी किंवा पाडवा हवा असेल तर तो वर्षाच्या आधी, डिसेंबरात, यादीत घालून घ्या. यादी कामगारांना न विचारता आली असेल तर तेव्हाच लेखी हरकत घ्या.

मागणी करण्याआधी दोन गोष्टी तपासा. मूळ कायद्यात किमान 10 कामगारांची अट होती, 2025 मध्ये ती 20 वर नेली. शिवाय व्यवस्थापकीय, पर्यवेक्षी किंवा गोपनीय स्वरूपाच्या पदांना कायद्यातून सूट आहे. मात्र नुसत्या 'मॅनेजर' या पदनामाने ती मिळत नाही, प्रत्यक्ष काम काय आहे ते बघावं लागतं. दोन्ही तपासून कायदा तुम्हाला लागू होत असेल तर हजेरीची नोंद आणि त्या महिन्याची स्लिप घेऊन आधी कंपनीला लेखी विचारा. उत्तर आलं नाही तर कामगार कार्यालयात तक्रार करा.